तारवाल्या काकांची बारा कलमं

तारवाले काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीच्या कडेकडेने बघत. माणसं नंतर. तार कुठून आत आली, कुठे वळली, तिच्यावर कुणी कपाट तर रेटलं नाही ना, एवढं झालं की मग मान वर. "हं, काय म्हणता?"

काकूंना याची लाज वाटायची. "आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही हेच," त्या सांगत. "घरातले सगळे नटूनथटून बसलेले, आणि हे टेलिफोनच्या डबीसमोर उकिडवे. माझे वडील आईला म्हणाले, हा जावई व्हायला आलाय की आपण तक्रार नोंदवली होती?"

"तक्रार नव्हतीच," काका म्हणत. "पण डबी वाकडी होती. सरळ केली. तुझ्या वडिलांचा फोन पुढे वीस वर्षं बिघडला नाही. मी बिघडलो असेन अधूनमधून."

तीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या. तारांच्या शंभर जोड्या असलेल्या केबलमधून एका घराची एक जोडी ते बोलत बोलत काढून देत. उजव्या हाताची दोन बोटं खांबावरून पडल्यापासून सरळ होत नसत, पण पक्कड धरायला तीच बरी पडतात असं त्यांचं म्हणणं. मग काचेची तार आली. तांबं जमिनीतून उपसलं गेलं, वजनावर विकलं गेलं आणि ते ओढणारे हात घरी बसले. काका बसले नाहीत. गल्लीतल्या इंटरनेटवाल्याकडे साठीपर्यंत दुरुस्तीला जात राहिले. साठीनंतर पगार थांबला, फोन थांबले नाहीत. राउटरचा दिवा लाल झाला की लोक कंपनीच्या आधी काकांना फोन करत. कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येई. काका चहाच्या आधी येत.

शेजारच्या दोन खोल्यांत एक मुलगी आणि तिची आई भाड्याने राहायला आल्या, तेव्हा सामानाची खोकी चढवायलाही काकाच पुढे झाले. पाचांपैकी चार खोकी उचलताना त्यांचा श्वास लागला.

"यात काय, दगड भरलेत?"

"कादंबऱ्या आहेत, काका."

"चार खोकी?"

"पाचव्यात भांडी."

"म्हणजे जेवण कमी, गोष्टी जास्त," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिचं नाव कादंबरी पडलं. जिन्यात तेच, टपालवाल्यापाशी तेच. तिची आईसुद्धा घाईत कधी कधी तीच हाक मारी.

कादंबरी साहित्य घेऊन एम.ए. झाली होती. आई एका शाळेत कारकून. मुलीला नोकरी लागायला हवी होती, आणि साहित्य शिकलेल्या मुलीला लागते तेवढ्या वेगाने ती लागत होती. म्हणजे लागत नव्हती. इंटरनेट काकांचंच. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला वायरचं एक भोक होतं. राउटर भिंतीपलीकडे काकांच्या घरात, आणि वायफाय दोन्ही घरांत.

पहिली ऑनलाइन मुलाखत वाया गेली. समोरच्या बाई सारख्या म्हणत होत्या, "तुमचा आवाज तुटतोय, पुन्हा सांगाल?" तिसऱ्यांदा त्यांनी पुन्हा सांगायला सांगितलं नाही, आभार मानले. नंतर कळलं, त्या वेळी पलीकडे काकू फोनवर मालिका बघत होत्या.

"मला काय माहीत!" काकू कळवळल्या. "मी तर आवाज बारीक ठेवला होता."

"आवाज बारीक केल्याने चित्र यायचं थांबतं का?" काका म्हणाले. "तुझी सासूसुना सगळं नेट खाऊन बसल्या."

दुसऱ्या वेळी कादंबरीने घरच्या नेटवर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावला. ऐन उत्तराच्या मध्यात कर्ज हवंय का विचारणाऱ्या कुणाचा तरी फोन आला. तिने उचलला नाही. तरी पडद्यावरची माणसं थिजली. ती परत हलू लागली तेव्हा पुढचा उमेदवार आत आला होता.

त्या संध्याकाळी ती जिन्यात बसून राहिली. काका भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. तिच्या दोन पायऱ्या खाली तेही बसले.

"हॉटस्पॉट आणि फोन, एकाच वेळी," ते म्हणाले. "तुझा फोन जुना. माझाही. कॉल आला की असा फोन खालच्या, जुन्या नेटवर्कवर उतरतो. इंटरनेट वरच्या मजल्यावर राहून जातं. तू उचल नाहीतर उचलू नको, तो उतरणारच."

"मग आवाज बंद ठेवायचा."

"मुका केला तरी कॉल आत येतोच. दारावरची घंटा काढली म्हणून पाहुणा यायचा थांबतो का?"

ती हसली नाही.

"पुढची कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी. आणि ती मला हवीय, काका. पहिल्या दोन नाही मिळाल्या तर नाही मिळाल्या. ही हवीय."

अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी ती एक संस्था होती. मजकूर तपासायचा, वाचणाऱ्याला कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा ते खुणावून द्यायचं. दिवसभर कादंबऱ्या, आणि वर पगार. मुलाखतीत एक उतारा तिला स्वतः वाचून दाखवायचा होता. आवाज तुटून चालणार नव्हता.

 दुसऱ्या दिवशी काकांनी राउटरचं रिकामं खोकं उलगडलं, त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने बारा ओळी लिहिल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: "मुलाखतीआधीचा एक तास."

"ही बारा कलमं," ते म्हणाले. "तासाच्या सुरुवातीला पहिलं, शेवटाला बारावं. क्रम सोडायचा नाही. पहिलं आधी का? राउटर बंद करून मिनिटभराने चालू करायचा. झोपलेला माणूस उठतो, तसा तो ताजा उठतो. पण कधी कधी उठतच नाही. नाहीच उठला तर काहीतरी करायला हातात तास हवा. पाच मिनिटं आधी कुणी हे केलं तर मी त्याला ओळख दाखवत नाही."

दुसरं कलम वायरचं. वायफाय हवेवर, वायर जमिनीवर. त्यांनी भिंतीच्या भोकातून लांब वायर ओढली आणि तिच्या लॅपटॉपला जोडली. खट्ट असा आवाज आला. "हा आवाज आला पाहिजे. नाही आला तर ती टेकलीय, बसलेली नाही."

मग वेग मोजायचा, तीनदा. पडद्यावर मोठा आकडा आला तशी कादंबरी खूश झाली.

"तो नाही," काका म्हणाले. "तो खाली येणारा वेग. सगळे तोच बघतात. तुझा चेहरा, तुझा आवाज वर जातो. वर जाणारा बघ. आणि तीनही वेळा जवळजवळ सारखा येतोय का बघ. मधेच धावणारा, मधेच बसणारा घोडा काय कामाचा?"

चौथ्यापासून सातव्यापर्यंत बारीकसारीक कामं. लॅपटॉपचा चार्जर आदल्या रात्रीपासून लावलेला. लॅपटॉप स्वतःच्या मनाने काही अपडेट करायला घेणार नाही, फोटो कुठे वर चढवत बसणार नाही, अशी सोय. मुलाखतीचं ॲप आदल्या दिवशी अद्ययावत करून ठेवायचं, त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. चाचणीची बैठक उघडून कॅमेरा आणि माइक बघायचा. समोरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून डोळ्यांसमोर, कारण सगळंच बुडालं तर निदान साधा फोन करून सांगता येतं. वीज गेली तर राउटर चालावा म्हणून त्याच्याखाली लहान बॅटरी.

आठवं कलम घरच्यांचं. टीव्ही, फोन, जे जे वायफायवर आहे ते उतरवायचं. यात काकूंचा प्रश्न होता. त्यांच्या फोनवरचं वायफाय बंद केलं की दहा मिनिटांत त्यांच्या बोटाने ते परत चालू होई, कसं ते त्यांनाही सांगता येत नसे. रंगीत तालमीत दोनदा असं झालं. तेव्हा काकांनी बिस्किटांचा रिकामा डबा आणला.

"सरकार," ते काकूंना म्हणाले, "तुमचा फोन बंद करून यात. पूर्ण बंद. डबा कादंबरीच्या टेबलावर. मुलाखत संपली की सुटका."

"मी काय गुन्हेगार आहे?"

"सराईत."

नववं कलम जादा फोनचं. वायर दगा देईल तर दुसरी वाट तयार हवी, आणि ती वेगळ्या कंपनीची हवी. कादंबरीच्या फोनला खोलीत सिग्नलची एकच रेघ मिळे. काकांच्या फोनला तिच्या खिडकीत तीन मिळत. म्हणून त्या तासात काकांचा फोन तिच्या खिडकीत. चार्जरला लावलेला, हॉटस्पॉट चालू. लॅपटॉपला घरचं वायफाय विसरायला लावायचं, फक्त हा हॉटस्पॉट ओळखीचा ठेवायचा. एकदा वायर मुद्दाम उपसून बघायचं, किती सेकंदांत तो फोनवर जातो. सात सेकंद लागले. मग वायर परत. खट्ट.

"आणि कुणी तुम्हाला फोन केला तर?" तिने विचारलं. तिला थिजलेली माणसं आठवली.

"केला काय! दिवसाला वीस येतात." काकांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन माझे सगळे कॉल अमक्या नंबरवर पाठवा, असं करून टाकलं. "आता कॉल माझ्या फोनपर्यंत येणारच नाही. वरच्यावर वळेल, सरकारांकडे जाईल. त्या निरोप घेतील. नाहीतरी लोकांना मी सांगितलेलं कळत नाही, तिचं कळतं."

ते त्यांनी मुलाखतीच्या चार दिवस आधी केलं. त्या चार दिवसांत काकूंनी निरोप घेतलेही. तेव्हा काकूंचा फोन चालू होता. डब्यात नव्हता.

दहावं कलम: बाहेर बघा. रस्ता कुणी खणतंय का, वीज कुठे जाणार आहे का. अकरावं: पाणी, कागद, पेन. बारावं सगळ्यांत छोटं. शेवटची पंधरा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. "निम्म्या तक्रारी तारेच्या नसतात," काका म्हणत. "हाताच्या असतात. चालू असलेलं माणूस आणखी चालू करायला जातो. शेवटची पंधरा मिनिटं हात मांडीवर."

मुलाखत अकराला होती. आई नऊला शाळेत गेली. दहाला काका आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही. मुलाखत आहे ना," काका म्हणाले.

राउटर ताजा उठला. वायर बसली. वेग तीनदा सारखा आला. कादंबरी एकेक कलम मोठ्याने वाचत होती, काका प्रत्येकाला "झालं" म्हणत होते. दहा वीसला काकू डबा घेऊन आल्या. फोन तोवर त्यांनी डब्यात घातला होता, पण चालूच होता. कादंबरीनेच तो काढला. बटण दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत धरलं. मग डब्यात ठेवून झाकण लावलं.

"आठवं?"

"झालं," काका म्हणाले.

दहाव्या कलमाला ते गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीचा पहारेकरी खाली उभा होता. त्याला त्यांनी वरूनच विचारलं, आज काही खणाखणी? खणाखणी नाही, तो म्हणाला, पण मागच्या गल्लीत अकरापासून तासभर वीज बंद, सकाळीच चिठ्ठी लावलीय.

काका आत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"आपल्याकडे जाणार नाही ना वीज?" कादंबरीने विचारलं.

"आपल्याकडे नाही. पण आपली तार मागच्या गल्लीतून येते. त्या पिवळ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला आपल्या इंटरनेटवाल्याची पेटी आहे. त्या पेटीला वीज त्या इमारतीची. ती गेली की आपला राउटर इथे जिवंत आणि तार मेलेली."

"पेटीला बॅटरी असेल."

"आहे. मीच बसवली होती. दोन वर्षांपूर्वी फुगली. मी सांगून थकलो."

"मग हॉटस्पॉट आहे ना, काका. सात सेकंद."

काकांनी खिडकीतल्या फोनकडे पाहिलं. तीन रेघांच्या दोन झाल्या होत्या. "सात सेकंदांत तुझा उतारा तुटेल," ते म्हणाले. "दुसरी वाट ही दुसरी वाट असते. पहिली असताना तिने कशाला जायचं?"

ते पलीकडे आपल्या घरात गेले. कपाटाखालून त्यांची जुनी, कॉम्प्युटरला लावायची यूपीएस बाहेर काढली. पोलादी खोक्याची, बारा-तेरा किलोची. पेटीतलं लहान यंत्र तिच्यावर तीन तास सहज चाललं असतं.

"अहो, दुसऱ्या कुणाला तरी सांगा," काकू म्हणाल्या.

"पेटीची किल्ली माझ्याकडे. आणि इंटरनेटवाला आता झोपेतून उठत असेल."

दारातून ते वळले. "कादंबरी, अकरावं राहिलंय. पाणी."

"ठेवते. फोन नको का तुम्हाला?"

"तो इथे ड्युटीवर आहे," काका म्हणाले. "आलोच अर्ध्या तासात. हात मांडीवर."

दहा पंचेचाळीसला तिने हात मांडीवर ठेवले.

अकराला पडदा उघडला. तीन माणसं होती. त्यांतले मधले गृहस्थ दृष्टिहीन होते, ते कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत बोलत. अकरा वाजून दोन मिनिटांनी मागच्या गल्लीतले पंखे थांबले, हे तिला नंतर कळलं. तिच्या पडद्यावर काहीच हललं नाही. तिने उतारा वाचला. एका आजारी माणसाच्या खोलीचं वर्णन होतं. स्वल्पविरामाला थांबली, परिच्छेदाला श्वास घेतला.

वाचून झाल्यावर मधले गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "सकाळपासून आम्ही पाच जणांना ऐकलं. कुणी विहिरीतून बोलत होतं, कुणी वादळातून. तुम्ही अगदी समोर बसल्यासारख्या आहात."

"थँक्यू, सर. माझ्या शेजारच्या काकांनी..." ती म्हणाली, आणि थांबली. ते मुलाखतीत सांगायचं नव्हतं. चेहऱ्यावर हसू मात्र आलं.

खिडकीतला फोन चाळीस मिनिटं तसाच पडून होता. त्याची एकदाही गरज पडली नाही. तो वाजलाही नाही.

अकरा चाळीसला तिने लॅपटॉप मिटला, डबा उचलला आणि पलीकडे धावली. "काकू! झालं! छान झालं!"

"आणि हे कुठे आहेत?" काकू म्हणाल्या. "अर्ध्या तासात म्हणाले होते."

"पेटीपाशी बसले असतील. वीज येईपर्यंत हलायचे नाहीत. हा घ्या तुमचा कैदी."

काकूंनी फोन चालू केला. नेटवर्क आलं आणि एकामागून एक निरोप पडू लागले. फोन बंद असताना कुणी कुणी कॉल केला त्याचे निरोप. एकाच अनोळखी नंबरवरून. दहा एक्कावन्न. दहा बावन्न. दहा त्रेपन्न. अकरा. अकरा चार. असे नऊ.

"कर्जवाला असेल," काकू म्हणाल्या. पण कर्जवाला नऊदा करत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. कादंबरीने तो नंबर लावला.

पिवळ्या इमारतीच्या तळमजल्यावरचा शिंपी होता तो. अहो, किती फोन केले, तो म्हणाला. काका खाली उतरत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले ते उठेनात. घामाने निथळले होते. त्याने घरचा नंबर विचारला. काकांनी सांगितला, धडाधड, न अडखळता. स्वतःचाच.

तोच एक त्यांना पाठ होता. आजकाल माणसाला तोच पाठ असतो.

शिंप्याने तो लावला. कॉल काकांच्या फोनपर्यंत आलाच नाही. वरच्यावर वळला, काकूंच्या फोनकडे गेला, आणि तो डब्यात काळा होऊन पडला होता. शिंप्याने गाडी बोलावली. काकांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. घर दवाखान्यापासून पायी पाच मिनिटांवर होतं, पण कुठल्या इमारतीत ते शिंप्याला ठाऊक नव्हतं. काकांना नीट सांगता येत नव्हतं. शिंपी त्यांच्या उशाशी बसून नंबर लावत राहिला.

"सरकार येतायत का, असं विचारत होते," शिंपी म्हणाला. "मला वाटलं चित्त ठिकाणावर नाही. सरकार कशाला येईल?"

काकूंनी तेव्हा फोन कादंबरीच्या हातातून घेतला. "आलेच," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, आलेच मी."

शिंप्याने फोन डॉक्टरांकडे दिला.

काका अकरा पंचवीसला गेले होते. जाण्याआधी अर्धा तास शुद्धीत होते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कुणी लवकर आलं असतं तरी फार फरक पडला नसता. ते खरं असेल. पण काकूंना फरक पाडायचा नव्हता. जवळ बसायचं होतं.

शिंप्याने आणखी एक सांगितलं. गाडीत घालताना काका म्हणाले होते, वर जाऊन बघ रे, पेटीतला हिरवा दिवा लागलाय ना. त्याने दवाखान्यातून दुकानातल्या कारागिराला फोन करून बघायला लावलं होतं. लागलाय, म्हणून सांगितल्यावर काकांनी डोळे मिटून मान हलवली. "झालं," म्हणाले.

पुढचे दिवस कादंबरीने कसे काढले ते तिला नीट आठवत नाही. आई रजा काढून घरी राहिली. तो खोक्याचा पुठ्ठा टेबलावरच होता. कादंबरी तो पुन्हा पुन्हा वाचायची. आठवं कलम बरोबर होतं. नववंही बरोबर होतं. एकही ओळ चुकलेली नव्हती. दोन्ही शेजारी शेजारी होती, आणि दोघांपैकी कुणी ती एकत्र वाचली नव्हती. एक दार काकांनी लावलं. दुसरं तिने, बटण दाबून धरून.

नवव्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. त्याच वायरीतून. तिने ते आईला दाखवलं, आणि दोघी बसून राहिल्या.

"काकूंना सांग," आई म्हणाली.

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"दुसऱ्याकडून कळलं तर काय तोंड दाखवशील?"

काकू ओट्यापाशी होत्या. चहा एकाच कपाचा टाकायची सवय अजून झाली नव्हती, पातेल्यात दोघांचा होता. कादंबरी दारात उभी राहिली.

"काकू, पत्र आलं."

"बाई गं," काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मग रडतेस कशाला? वर जाणारा वेग चांगला होता म्हणजे."

"मी बंद केला तो फोन."

"तू बंद केलास. त्यांनी सांगितलं. मी करू दिला. किती जणांमध्ये वाटायचं ते?" त्यांनी चहा दोन कपांत ओतला. "मला राग येत नाही असं नाही. येतो. सकाळी येतो. तेव्हा तू येत जाऊ नकोस. दुपारी येत जा."

ती दुपारी जाऊ लागली. कामाला लागायला अजून महिना होता.

काकांचा फोन आता कपाटात बंद होता, पण ते वळवणं कुणी काढलं नव्हतं. त्यामुळे काकांना केलेले फोन अजून काकूंकडे येत. राउटर लाल झालाय. नेट रांगतंय. काका आहेत का? काकू प्रत्येकाला एकच वाक्य सांगत, आणि पलीकडचा माफी मागून फोन ठेवी. कादंबरीने विचारलं, काढून टाकू का ते, दोन मिनिटांचं काम आहे. काकू म्हणाल्या, "राहू दे. त्यांना कुणी हाक मारतंय हे मला कळतं तेवढ्यातून."

एका दुपारी दोनला असाच फोन आला. काकूंनी ऐकलं, "नाहीत ते" म्हणाल्या, आणि ठेवता ठेवता थांबल्या. फोन कादंबरीपुढे धरला.

"कुणीतरी मुलगी आहे. तीनला मुलाखत आहे म्हणते. नेट तुटतंय म्हणते. तू बोल."

"मी?"

"मग काय मी? मी सराईत गुन्हेगार."

कादंबरीने फोन स्पीकरवर टाकला. पुठ्ठा आणायला जायची गरज नव्हती.

"राउटर आधी," ती म्हणाली. "बंद करा. मिनिटभर थांबा. मग चालू. मी थांबते."

ती थांबली. पलीकडे कुणीतरी मनात साठ मोजत होतं. मग वायर. मग वेग, वर जाणारा. त्या मुलीने एकेक केलं, आणि प्रत्येकाला "झालं" म्हणाली. सातव्यापर्यंत आल्यावर कादंबरी थांबली. घोटभर पाणी प्यायली.

"घरात दुसरं कोण आहे तुमच्या?"

"आजोबा. त्यांचा फोन बंद करायला लावते ना?"

"नाही," कादंबरी म्हणाली. "त्यावरचं वायफाय बंद करा. फोन नाही. फोन चालू ठेवा, आणि आजोबांच्या खिशात ठेवा. घरातून बाहेर कोण कोण गेलंय?"

"बाबा."

"बाबांना आजोबांचा नंबर पाठ आहे?"

"नसेल बहुतेक."

"कागदावर लिहून त्यांच्यापर्यंत पोचवा. फोटो काढून नाही. कागदावर. अजून वेळ आहे."

काकू ओट्याला टेकून ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

पावणेतीनला कादंबरी म्हणाली, "आता कशालाही हात लावू नका." मुलीने विचारलं, मग करू काय? कादंबरीने काकूंकडे पाहिलं.

"हात मांडीवर ठेव म्हणावं," काकू म्हणाल्या.

कॉल संपला. काकू येऊन तिच्या शेजारी बसल्या. त्या मुलीचं नाव दोघींनाही माहीत नव्हतं. कुठली नोकरी, तेही नाही. कोपऱ्यात राउटरचे दिवे लुकलुकत होते. दोघींनी हात मांडीवर ठेवले आणि तीन वाजायची वाट बघत बसल्या. काकूंचा फोन दोघींच्या मधे होता. चालू.